'कूक' आणि 'भॉक' यांच्या मधे

ओढणीमागं तोंड लपवून 'कूऽऽक' म्हणणं कुणालाही जमतं. ओढणी खाली घेऊन 'भॉक' म्हणणंही जमतं. अवघड असतं ते या दोन्हींच्या मधलं. तिथं काहीही न करता थांबायचं असतं, आणि समोर नऊ महिन्यांचं बाळ असलं की मोठ्या माणसाला थांबणं फार जड जातं. बाळानं लवकर हसावं म्हणून आपण ओढणी झटकन काढतो, लगेच पुन्हा लपतो, मधेच पोटाला गुदगुल्या करतो. बाळ हसतंही. पण त्या सगळ्या खेळात बाळाची पाळी एकदाही आलेली नसते.

मी सांगलीत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडं मुलं येतात ती बहुतेक दोन-अडीच वर्षांची झाल्यावर, 'अजून बोलत नाही' ही तक्रार घेऊन. नऊ महिन्यांचं बाळ क्वचितच येतं. म्हणून तासगावकडच्या एका आजी सुनेला आणि नातीला घेऊन आल्या तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. घरी त्या मुलीला चिऊ म्हणतात, मीही इथं तेच म्हणते. आजींनी खुर्चीवर बसायच्या आतच सांगितलं, "म्याडम, हाक मारली तर ही ढुंकून बगत न्हाई. कानाचं काय आसंल का?"

ही शंका आजींना आली याचं मला फार मोल वाटतं. बोलण्याचा प्रश्न असला की आधी कान बघायचा, हा आमच्या कामातला पहिला नियम आहे, आणि आजी तो कुणी न शिकवता पाळत होत्या.

कान बघायला नऊ महिन्यांच्या बाळासाठी साधा खुळखुळाही उपयोगी पडतो, पण तो वाजवायची एक रीत आहे. घरी लोक काय करतात, तर बाळाच्या समोर उभं राहून खुळखुळा हलवतात आणि बाळानं बघितलं की म्हणतात, ऐकू येतंय. त्यानं हलणारा हात बघितला की आवाज ऐकला, हे त्यातून कळत नाही. म्हणून चिऊला तिच्या आईच्या मांडीवर, आईकडं पाठ करून, कमरेला आधार देऊन ताठ बसवलं. माझी मदतनीस समोर बसली आणि एका लहानशा लाकडी बाहुलीनं तिचं लक्ष धरून ठेवलं. फार रंगवायचं नाही, नाहीतर बाळ त्यातच गुंगतं. बाहुली मुठीत झाकली की बाळाचं लक्ष क्षणभर मोकळं होतं. नेमक्या त्या क्षणी मी मागून, एका बाजूला, तिच्या कानाच्या उंचीवर आणि साधारण एक मीटर अंतरावरून, तिच्या नजरेच्या टप्प्यात न येता, खुळखुळा हळूच वाजवला. तो हळूच वाजवणं महत्त्वाचं आहे. जोरात वाजवलेला खुळखुळा कमी ऐकू येणाऱ्या बाळालाही वळवतो. चिऊनं मान वळवली. मग दुसरी बाजू, तिकडंही वळली. मग खुळखुळा बाजूला ठेवून नुसतं 'स्‌स्‌स्‌' केलं, आणि नंतर खालच्या पट्टीत हुंकार दिला. बारीक, उंच आवाज आणि जाड, खालचा आवाज हे दोन्ही वेगळे तपासावे लागतात, कारण काही मुलांना त्यातला एकच नीट ऐकू येतो.

यात फसायला खूप जागा आहेत. मागच्या माणसाची सावली भिंतीवर पडली, हातातल्या बांगड्या किणकिणल्या, केसातल्या गजऱ्याचा वास आला, तरी बाळ वळतं आणि आपण समजतो की खुळखुळ्याला वळलं. आईला माहीत असतं की आता आवाज होणार, तेव्हा तिची मांडी नकळत आखडते आणि बाळाला तेवढी खूण पुरते. म्हणून मधेच एकदा मागं जायचं, सगळं तसंच करायचं, पण आवाजच करायचा नाही. बाळ तेव्हाही वळलं तर आधीच्या वळण्यावर विश्वास ठेवता येत नाही. चिऊ तेव्हा वळली नाही, मदतनिसाच्या मुठीकडंच बघत राहिली. आणखी एक, हा खेळ लांबवायचा नाही. तोच आवाज चार-पाच वेळा झाला की बाळाला त्यात नवीन काही उरत नाही आणि ते वळायचं सोडतं. ते कंटाळलेलं असतं, बहिरं नसतं.

तरीही एवढ्यावर मी आजींना 'कान चांगला आहे' असं सांगितलं नाही. खोलीतल्या अशा चाचणीतून मोठा दोष कळतो, बारीक दोष निसटू शकतो. शिवाय चिऊला नुकतीच सर्दी होऊन गेली होती. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागं पाणी साठलेलं राहिलं तर बाळाला काही दिवस कमी ऐकू येतं, मग पुन्हा येतं, आणि घरच्यांना वाटतं की ते मुद्दाम करतंय. म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं आणि मग ओएई चाचणीला पाठवलं. या चाचणीत कानात एक मऊ टोक बसवतात, बारीक आवाज सोडतात आणि आतला कान त्याला जो प्रतिसाद देतो तो यंत्र टिपतं. बाळाला काही करावं लागत नाही, झोपलेलं असलं तर उत्तमच. चिऊचे दोन्ही कान त्यात ठीक निघाले. ज्यांना सांगलीपर्यंत येणं जमत नाही त्यांनी अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ही शंका नक्की सांगावी, पुढच्या तपासणीची वाट तिथून निघते.

मग ही मुलगी हाकेला का बघत नव्हती? मी आईला विचारलं, घरात तिला काय काय म्हणता. आई हसली. चिऊ, बाळी, शोना, आजोबांची 'आक्काबाई', आणि बारशाला ठेवलेलं खरं नाव. बेदाण्याचे दिवस होते, वडील आणि आजोबा शेडवर, घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ, टीव्ही सकाळपासून चालू. प्रत्येक जण जाता जाता एक हाक टाकायचा आणि पुढं जायचा. बाळ वळेपर्यंत हाक मारणारा दाराबाहेर गेलेला. इतक्या नावांतलं आपलं कुठलं, आणि त्याला वळल्यावर काय मिळतं, हे तिला कळायला वावच नव्हता. मी एकच नाव ठरवायला सांगितलं. जवळ जाऊन, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, एकदाच हाक मारायची आणि थांबायचं. वळली की चेहरा समोर असला पाहिजे.

आता खरा मुद्दा येतो. त्या पहिल्या भेटीत मी आईला आणि आजींना सतरंजीवर बसवून म्हटलं, घरी खेळता तसं खेळा. दोघी छान खेळल्या, खूप मायेनं खेळल्या. पदर तोंडावर घेतला, काढला, टाळ्या वाजवल्या, खुळखुळा वाजवला, 'म्हण बाबा, म्हण दादा' झालं, पुन्हा पदर. चिऊ हसत होती, पण बघत होती प्रेक्षकासारखी. एकदा तिनं पाय झाडले आणि 'अब्ब' असा आवाज केला, तेव्हा आजींचा पदर आधीच वर गेलेला होता.

कूक-भॉकच्या खेळाकडं ज्यांनी अभ्यासाचा विषय म्हणून बघितलं त्यांत जेरोम ब्रूनर हे मोठं नाव. त्यांनी आणि व्हर्जिनिया शेरवूड यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आया आणि बाळं हा खेळ कशी खेळतात ते बारकाईनं मांडलं. आधी नजरानजर, मग लपणं, मग दिसणं, मग पुन्हा नजरानजर, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. सुरुवातीला सगळं आई करते आणि बाळ बघतं. हळूहळू बाळ कापड ओढायला लागतं, आणि नंतर स्वतः लपायला लागतं. म्हणजे खेळ तोच राहतो, त्यातली कामं एका माणसाकडून दुसऱ्याकडं जातात. माणसं गप्पा मारतात त्यातही हेच घडतं. तू बोललास, मी ऐकलं, आता मी बोलते. शब्द यायच्या आधी बाळ हा क्रम शिकू शकतं तो अशाच खेळांतून, अट एवढीच की त्याच्या वाट्याची जागा रिकामी ठेवली पाहिजे.

नऊ महिने हे वय या खेळासाठी नेमकं का, तेही सांगते. चार महिन्यांच्या बाळाला पदरामागं गेलेला चेहरा म्हणजे गेलेलाच चेहरा. साधारण आठव्या-नवव्या महिन्यात, झाकलेली वस्तू झाकणाखाली आहे हे त्याला उमगायला लागतं आणि ते झाकण उचलून शोधतं. तेव्हा पदर वर गेला की ते वाट बघतं, कोण येणार आणि कुठून येणार याचा अंदाज बांधतं. पॅरट आणि ग्लाइटमन या दोघांनी 1989 साली सहा ते आठ महिन्यांच्या बाळांबरोबर हाच खेळ थोडा बदलून पाहिला. लपलेल्या माणसाऐवजी दुसरंच माणूस वर आलं, किंवा तेच माणूस भलत्या जागेवरून आलं. बाळं तेव्हा कमी हसली. हे मी आजींना सांगितलं कारण त्यांच्या घरी नेमकं असंच चालायचं. आई लपायची आणि मागून काका 'भॉक' करायचे. काकांची हौस खरी होती, पण या वयाच्या बाळाला अंदाज बरोबर ठरण्यात आनंद असतो. अंदाज चुकवण्याची मजा नंतर येते, खेळ पुरता मुरल्यावर.

तेव्हा आम्ही सतरंजीवर पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश. टीव्हीचा आवाज नाही, समोर एकच माणूस, चिऊ उशीला टेकून बसलेली, आई तिच्यासमोर हातभर अंतरावर. एक पातळ सुती ओढणी, जिच्यातून थोडं दिसतं. आई आधी तिच्याकडं बघते, ती बघेपर्यंत थांबते. मग ओढणी स्वतःच्या तोंडावर घेते. बाळाच्या तोंडावर टाकायची नाही, काही बाळं घाबरतात, आणि घाबरलेलं बाळ शिकत नाही. आड असताना आई गप्प राहत नाही, 'आई कुठाय?' असं लांबवत म्हणते, म्हणजे चेहरा नसला तरी माणूस आहे हे कळतं. दोन-तीन सेकंदांत ओढणी खाली, 'भॉक', आणि पुन्हा नजरानजर. हे तस्संच, त्याच चालीत, काही वेळा. चाल बदलायची नाही, कारण ती ओळखीची झाली तरच बाळाला पुढं काय येणार ते कळतं.

आणि मग, चाल पक्की झाल्यावर, आईनं ओढणी तोंडाशी धरली आणि वर नेलीच नाही. चेहऱ्यावर 'आता काय?' असा भाव ठेवून ती थांबली. मी तिला मनात सावकाश पाच अंक मोजायला सांगितलं होतं. तिसऱ्याच अंकाला आजी म्हणाल्या, "अगं कर की!" मी त्यांचा हात धरला. पाचव्यानंतर चिऊनं दोन्ही पाय झाडले, श्वास आत ओढला आणि 'ह्‌अ' असा आवाज काढला. आईनं तिथल्या तिथं ओढणी वर नेली. पुढच्या वेळी चिऊला तेवढा वेळ लागला नाही. त्यानंतर एकदा तिनं हात पुढं करून ओढणीचं टोक धरलं.

बाळाची पाळी शब्दासारखी दिसत नाही, म्हणून ती चुकते. पाय झाडणं, हात उघडझाप करणं, पुढं झुकणं, ओठ हलवणं, एकदम शांत होऊन रोखून बघणं, कुठलाही आवाज, यातलं काहीही तिचं बोलणं धरायचं आणि लगेच खेळ पुढं न्यायचा. पाच मोजूनही काही आलं नाही तर रागवायचं नाही आणि लांबवायचंही नाही. स्वतः एक फेरी करायची, मग पुन्हा थांबून बघायचं. आणि बाळानं मान फिरवली, डोळे चोळले, पाठ मागं ताणली, कुरकुर सुरू केली की थांबायचं. मान फिरवणं हेही सांगणंच आहे. 'पुरे' हे त्याला पहिल्यांदा असंच म्हणता येतं, आणि आपण ते ऐकलं तर त्याला कळतं की सांगून उपयोग होतो.

बडबडीचंही असंच. बाळाच्या आवाजात आम्ही एक फरक बारकाईनं ऐकतो. 'अऽऽ', 'ऊऽऽ', किंचाळणं, ओठांनी फुर्र करणं, हे एका जातीचे. ऐकू न येणारी बाळंसुद्धा हे करतात, म्हणून 'आवाज काढतंय म्हणजे ऐकू येतंय' असं धरता येत नाही. 'बाबाबा', 'दादादा', 'मामामा' अशी व्यंजन आणि स्वर जोडलेली, भराभर एकामागून एक येणारी अक्षरं ही दुसरी जात. ही साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान सुरू होतात. दहा महिने उलटले तरी एकदाही आली नाहीत तर वाट बघत बसू नये, कान आणि बोलणं दोन्ही तपासून घ्यावं. चिऊची आई म्हणाली, पहाटे एकटी असली की 'बाबाबा' करते, आपण गेलो की गप्प. हे बऱ्याच बाळांचं होतं. आपण जाऊन इतकं बोलतो की त्याला वाव राहत नाही.

मायकल गोल्डस्टाइन आणि जेनिफर श्वेड यांनी साडेनऊ महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. काही आयांना बाळानं आवाज केल्या-केल्या उत्तर द्यायला सांगितलं. दुसऱ्या गटातल्या बाळांना उत्तरं तेवढीच मिळाली, पण त्यांच्या आवाजाशी वेळ जुळवलेली नव्हती. पहिल्या गटातली बाळं आईच्या उत्तरातल्या आवाजांच्या धर्तीवर स्वतःची बडबड बदलायला लागली. दुसऱ्या गटातल्या बाळांनी तेवढंच ऐकूनही तसं केलं नाही. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडं सल्ला दिला जातो तो 'बाळाशी खूप बोला' एवढाच. खूप बोलण्यात गैर काही नाही. पण बाळाच्या आवाजाच्या पाठोपाठ आलेला एक शब्द, दिवसभर कानावरून जाणाऱ्या शंभर शब्दांपेक्षा जास्त काम करतो असं मी माझ्या सतरंजीवर पुन्हा पुन्हा बघते.

म्हणून आईला सांगितलं, पहाटे ती 'बाबाबा' करायला लागली की लगेच तिच्यावर वाकून दहा वाक्यं बोलायची नाहीत. ती थांबली की तिच्याच लयीत 'बाबाबा' म्हणायचं आणि गप्प व्हायचं. ती पुन्हा म्हणाली की मग थोडं पुढं न्यायचं, 'बाबा! बाबा शेडवर गेले.' वाक्य छोटं, आणि पुन्हा थांबायचं. नवव्या महिन्यात 'बाबा' म्हणजे वडील असा अर्थ तिच्या मनात बहुधा नसतो, तो आपण लावतो. लावत राहावा. अर्थ बाळापर्यंत पोचतो तो याच वाटेनं. 'म्हण बाबा, म्हण बाबा' मात्र बंद करायला सांगितलं. त्यात पाळी दिल्यासारखी वाटते, पण विचारणारा उत्तराला वेळ न देता पुन्हा विचारतो, आणि बाळ त्या तोंडाकडं नुसतं बघत राहतं.

खुळखुळ्याचा दुसरा उपयोग इथं आला. आजींनी खुळखुळा दोनदा वाजवायचा, चिऊच्या हातात द्यायचा, आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. तिनं हलवला, आपटला, तोंडात घातला, काहीही केलं तरी ती तिची पाळी. मग तळहात पुढं करून 'आजीला दे' म्हणायचं. या वयात बाळ वस्तू पुढं करतं पण बोटं सोडत नाही, त्याला अजून मूठ आपणहून सोडणं नीट जमत नसतं. त्याला हट्टी म्हणू नये आणि वस्तू ओढूनही घेऊ नये. तळहात तिच्या हाताखाली टेकवून धरला की मूठ बऱ्याचदा सैल होते. मिळाल्यावर वाजवून लगेच परत द्यायचा, म्हणजे दिलेलं परत येतं हे तिला दिसतं. आजींचा घरचा खुळखुळा मी तपासून घेतला. जुना होता, एका बाजूला चीर गेली होती आणि आतले मणी चिरेतून दिसत होते. तो बाद केला. डबीत डाळ घालून वर चिकटपट्टी लावलेले घरगुती खुळखुळेही या वयात नकोत. पट्टी लाळेनं सुटते आणि डाळ घशात अडकते.

त्यांना मी फार वेळ मागितला नाही. अंघोळीनंतर, अंग पुसून झबलं घालायच्या आधी ती जागी आणि खुशीत असते, तेव्हा थोडा वेळ आई. संध्याकाळी दिवा लागायच्या आधी आजी. टीव्ही तेवढा वेळ बंद. काकांनाही काम दिलं. हाक एकाच नावानं, जवळ बसून, एकदाच.

पुढच्या भेटीला चिऊ आईच्या कडेवरून उतरल्याबरोबर सतरंजीवरच्या ओढणीकडं रांगत गेली. आई समोर बसायच्या आतच तिनं ओढणी उचलली आणि स्वतःच्या कपाळावर धरली. डोळे उघडेच होते, चेहरा पूर्ण दिसत होता. आजी तयारच होत्या. "चिऊ कुठाय?" म्हणाल्या आणि गप्प बसल्या. चिऊनं ओढणी टाकली आणि 'बाऽऽ' केलं. 'भॉक' नव्हतं, पण जागा बरोबर होती. आजींनी तिलाच धरून 'बाऽऽ' म्हटलं, आणि चिऊनं पुन्हा ओढणी उचलली.

हाकेला ती आता बहुतेक वेळा बघते, टीव्ही चालू असला तर नाही. आईला मी पुढच्या खुणा सांगून ठेवल्या. वाढदिवसापर्यंत नावानं हाक मारली की वळणं नेमानं व्हायला हवं, टाटा करणं यायला हवं, हवी ती वस्तू मिळवायला हात पुढं करणं किंवा बोट दाखवणं यायला हवं, आणि बडबडीत 'बादा', 'मागा' अशी वेगवेगळी अक्षरं एकत्र यायला हवीत. आलेलं काही मधेच थांबलं, म्हणजे बडबड कमी झाली किंवा नजरेला नजर देणं कमी झालं, तर तारखेची वाट न बघता यायचं. सर्दी झाली की कानाकडं लक्ष ठेवायचं. निघताना आजींनी विचारलं, आता दुसरा कुठला खेळ घेऊ. मी म्हटलं, हाच ठेवा, फक्त ओढणीमागं आता तिची बाहुली लपवा, आणि शोधायला तिलाच वेळ द्या.